यादीत चार नावं, थकबाकीदार दोनच: सोसायटीच्या मेन्टेनन्सचा हिशेब कसा वाचायचा

ऑक्टोबर २०२५ च्या पहिल्या शनिवारी रात्री आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो पडला. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून काढलेला कागद, त्यावर चार फ्लॅटचे नंबर, समोर चार रकमा आणि वर ठळक अक्षरांत 'थकबाकीदार'. रविवारी सकाळी कमिटीची बैठक होती. ती सुरू होईपर्यंत दोघांनी ग्रुप सोडला होता, एकीने बँकेच्या स्टेटमेंटचा फोटो टाकला होता आणि एका काकांनी 'यांचं पाणी बंद करा' असा ठराव परस्पर मांडून टाकला होता.

खजिनदार मी. कागद माझ्याच खतावणीतून निघालेला. गंमत म्हणजे त्यातला एकही आकडा बेरजेत चुकलेला नव्हता आणि तरीही यादी चुकीची होती. नाशकात इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड, कुठेही राहा, अशी यादी तुमच्याही ग्रुपवर येते. ती कशी तयार होते आणि कुठे फसते, हे आमच्याच चार फ्लॅटवरून सांगतो. फ्लॅट नंबर बदलले आहेत, रकमाही गणित सोपं व्हावं म्हणून गोल केल्या आहेत.

खतावणी म्हणजे वाण्याची वहीच

पूर्वी किराणा दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला वहीचं एक पान द्यायचा. माल नेला की नावे, पैसे दिले की जमा. सोसायटीची खतावणी, म्हणजे लेजर, तशीच असते. प्रत्येक फ्लॅटला एक पान. दर महिन्याचं बिल नावे पडतं, आलेले पैसे जमा होतात, आणि दोन्हींतला फरक म्हणजे बाकी.

आमच्याकडे २४ फ्लॅट आहेत. महिन्याचं बिल २,००० रुपये. त्यातले १,५०० सेवाशुल्क, म्हणजे वॉचमन, सफाई, जिन्यातली वीज, लिफ्टची देखभाल वगैरे. उरलेले ५०० दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंडाचे. घरपट्टी ज्याची तो महापालिकेत भरतो, ती बिलात नाही. बिल १ तारखेला निघतं आणि महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत भरायचं असतं. त्यापुढे सर्वसाधारण सभेने ठरवलेलं वार्षिक १८ टक्के सरळव्याज, म्हणजे महिन्याला दीड टक्का. हा दर कमिटीने मनाने ठरवायचा नसतो. तो सर्वसाधारण सभेने ठरवायचा, आणि आपल्याकडे सोसायट्यांनी स्वीकारलेल्या २०१४ च्या आदर्श उपविधींत त्याला वर्षाला २१ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे.

इथवर कुणाचंच भांडण नसतं. ते सुरू होतं पानाच्या तळाशी लिहिलेल्या एका आकड्यावरून.

बाकी आहे म्हणजे थकबाकीदार का?

नाही. द्राक्षांच्या गावात राहतो म्हणून तोच दाखला देतो. दोन क्रेटमध्ये वीस-वीस किलो द्राक्षं आहेत. एक आज सकाळी काढलेली, दुसरी गेल्या आठवड्यातली. वजनकाटा दोन्हींना वीसच म्हणणार. व्यापारी मात्र आधी विचारणार की माल कधीचा? बाकीचंही तसंच आहे. ९,००० रुपये येणं आहेत एवढ्याने काही कळत नाही. त्यातले किती कालच्या बिलाचे आणि किती उन्हाळ्यापासून पडून आहेत, हे पाहावं लागतं.

महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ मध्ये स्वतंत्र प्रकरण आलं. त्यात थकबाकीदाराची व्याख्या दिली आहे. बिल किंवा नोटीस मिळाल्याची तारीख आणि पैसे भरण्याची मुदत, यांत जे नंतरचं असेल तिथून तीन महिन्यांत ज्याने पैसे भरले नाहीत, तो थकबाकीदार. म्हणून खजिनदाराच्या गोषवाऱ्यात प्रत्येक फ्लॅटसमोर एकच रकाना पुरत नाही. निदान चार लागतात: अजून मुदतीत असलेलं चालू बिल, मुदत उलटून तीन महिन्यांच्या आत असलेली रक्कम, तीन महिन्यांपलीकडची रक्कम, आणि व्याज. व्याज कायम वेगळं, ते का ते पुढे येईलच.

हे रकाने भरायला नुसती शेवटची बाकी उपयोगी पडत नाही. आलेला प्रत्येक रुपया नेमक्या कुठल्या महिन्याच्या बिलात गेला, हे माहीत असावं लागतं. खरं काम इथे आहे.

३०२ चं पान

हे एक पान सावकाश पाहू.

३०२ च्या सभासदाने २०२५ च्या एप्रिलपासून पैसे भरलेले नव्हते. एप्रिलच्या २,००० ची मुदत ३० एप्रिलला संपली. मे महिनाभर ते थकले, त्याचं व्याज ३० रुपये. जूनमध्ये एप्रिल आणि मे मिळून ४,००० थकलेले, व्याज ६० रुपये. ३० जूनला त्याने यूपीआयने ३,००० रुपये पाठवले. शेरा काही नाही, नुसते पैसे.

आता हे ३,००० कशात टाकायचे? आमच्या सभेचा ठराव असा आहे की आधी साठलेलं व्याज, मग सगळ्यांत जुनं बिल. तोवरचं व्याज ९० रुपये. ते वळतं झाल्यावर उरले २,९१०. त्यातून एप्रिलचं बिल पूर्ण फिटलं, आणि ९१० मेच्या बिलात गेले. मेचे १,०९० उरले. जूनचं बिल अख्खं शिल्लक.

पुढे तो पुन्हा गप्प. जुलैत ३,०९० थकलेले, व्याज ४६. ऑगस्टमध्ये ५,०९० थकलेले, व्याज ७६. सप्टेंबरमध्ये ७,०९०, व्याज १०६. म्हणजे ३० सप्टेंबरला मुद्दल ९,०९०, व्याज २२८, एकूण ९,३१८ रुपये. ग्रुपवर पडलेल्या कागदावर हाच आकडा होता, आणि तो बरोबर आहे.

पण त्याचं वय बघा. सप्टेंबरच्या २,००० ची मुदत त्याच दिवशी रात्रीपर्यंत होती, ते थकलेलेच नाहीत. जून, जुलै आणि ऑगस्टचे मिळून ६,००० थकलेले, पण तीन महिन्यांच्या आतले. जूनचे तर अगदी काठावर, त्यांचे तीन महिने त्याच दिवशी भरत होते. तीन महिन्यांपलीकडे गेलेले फक्त मेचे १,०९० रुपये. ग्रुपवर माणूस ९,३१८ चा थकबाकीदार म्हणून फिरत होता. कायद्याच्या भाषेत त्याला त्या दिवशी थकबाकीदार ठरवत होते ते १,०९०.

त्याने काही फार मोठा फरक पडत नाही, असं सेक्रेटरींचं म्हणणं. मला ते पटत नाही. थकबाकीदाराला कमिटीवर राहता येत नाही, निवडणुकीला उभं राहता येत नाही. ज्या रकमेने माणसाचा हक्क जातो, ती रक्कम कुठली हे त्याला सांगता आलं पाहिजे.

पैसे कशात टाकायचे हे कोण ठरवतं?

हा प्रश्न सोसायटीपुरता नाही, कुठल्याही उधारीत येतो, आणि त्याचं उत्तर १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम ५९ ते ६१ मध्ये आहे. देणाऱ्याने पैसे देताना 'हे अमुक देण्याचे' असं सांगितलं आणि घेणाऱ्याने ते स्वीकारले, तर ते त्याच देण्यात टाकावे लागतात. त्याने काही सांगितलं नाही, तर घेणारा ठरवतो. दोघांनीही काही ठरवलं नाही, तर जुन्यापासून क्रमाने फिटत जातात.

म्हणून सोसायटीने ठराव करून ठेवावा आणि त्याची एक ओळ बिलावर छापावी. म्हणजे शेरा न लिहिता आलेल्या पैशांचं काय होणार, हे सगळ्यांना आधीच ठाऊक राहतं. ३०२ च्या ३,००० ला शेरा नव्हता म्हणून आम्ही ते जुन्यात घालू शकलो. त्याने 'जून मेन्टेनन्स' असं लिहिलं असतं आणि आम्ही मुकाट्याने पैसे ठेवून घेतले असते, तर एप्रिलचं बिल तसंच राहिलं असतं आणि सप्टेंबरअखेर त्याचं तीन महिन्यांपलीकडचं येणं १,०९० पेक्षा बरंच जास्त दिसलं असतं. पैसे तेवढेच, भरणारा तोच. बदललं काय, तर दोन शब्द.

व्याजावर व्याज

दुसरा फ्लॅट ४०३. मूळ सभासद वारले, वारसांचं एकमत होत नाही, फ्लॅटला कुलूप आहे. एप्रिल २०२३ पासून एक रुपया आलेला नाही. ३० बिलं, म्हणजे ६०,००० मुद्दल.

व्याज मोजू. पहिल्या महिन्याचे २,००० थकल्यावर ३० रुपये, मग ४,००० वर ६०, मग ९०, असं शेवटच्या महिन्यात ५८,००० वर ८७० पर्यंत. बेरीज १३,०५० रुपये. एकूण येणं ७३,०५०.

ग्रुपवरच्या कागदावर मात्र होते ७५,०७७.

दोन हजार सत्तावीस रुपये जास्त आले कुठून? सॉफ्टवेअर दर महिन्याला मागच्या एकूण बाकीवर दीड टक्का लावत होतं, आणि त्या बाकीत आधीचं व्याज मिसळलेलं होतं. उपविधी म्हणतात सरळव्याज, आम्ही नकळत चक्रवाढ लावत होतो. एक्सेलमध्ये हिशेब ठेवणाऱ्यांकडून हीच चूक हमखास होते, कारण एकूण बाकीचा रकाना शेवटी असतो आणि सूत्र लिहिताना हात तिकडेच जातो. उपाय साधा आहे. मुद्दल आणि व्याज यांचे रकाने पहिल्यापासून वेगळे ठेवायचे आणि सूत्र मुदत उलटलेल्या मुद्दलाच्या रकान्याला लावायचं. तो रकाना `D` असेल तर:

```
=ROUND(D6*18%/12,0)
```

चूक आपल्याकडे आहे का, हे ओळखायला एक युक्ती सांगतो. वर्षभर काहीच न भरलेला एखादा फ्लॅट घ्या. बिल दर महिन्याला सारखंच असेल, तर त्याचं मासिक व्याज दरवेळी सारख्याच रकमेने वाढलं पाहिजे: आमच्याकडे ३०, ६०, ९०, १२०. तिथे ३०, ६०, ९१, १२३ असं दिसलं, तर व्याजावर व्याज चालू आहे.

दोन हजारांसाठी एवढा काथ्याकूट कशाला, असं वाटू शकतं. पण ४०३ चं प्रकरण सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे वसुलीसाठी न्यावं लागणार आहे, आणि तिथे फ्लॅटचा खतावणी उतारा जोडावा लागतो. समोरच्या वकिलाला त्यात चक्रवाढ सापडली, की चर्चा ६०,००० च्या मुद्दलावरून हलते आणि सोसायटीच्या हिशेबावर येऊन बसते.

भरलेले पैसे दिसत का नाहीत?

तिसरा फ्लॅट २०१, समोर ४,००० रुपये. बँकेच्या स्टेटमेंटचा फोटो टाकणाऱ्या त्याच ताई. त्यांनी ऑगस्ट आणि सप्टेंबरचे पैसे वेळेवर दिले होते, पण मुलाच्या फोनवरून. मुलाच्या खात्यावरचं नाव वेगळं लिहिलेलं, शेऱ्यात फ्लॅट नंबर नाही. सोसायटीच्या बँक खात्यात दोन हजार दोनदा आले, कुणाचे ते कळलं नाही, म्हणून मी ते 'सस्पेन्स' खात्यात टाकले. ओळख न पटलेल्या पैशांसाठीचं हे तात्पुरतं खातं. पोस्टमन पत्ता नीट न लागलेली पत्रं बाजूला काढून ठेवतो, तसं.

इथे चूक सरळ माझी. सस्पेन्स रिकामं झाल्याशिवाय थकबाकीची यादी काढायचीच नसते. आधी बँकेचं स्टेटमेंट आणि खतावणी ओळ न ओळ जुळवायची, सस्पेन्समध्ये जे उरेल ते येणं असलेल्या फ्लॅटशी ताडून पाहायचं. सस्पेन्समध्ये ४,००० आणि एका फ्लॅटची बाकी नेमकी ४,००० हे दिसत असूनही न विचारता यादी बाहेर गेली. रविवारी सकाळी मी ताईंच्या दारात जाऊन माफी मागितली. चहा मिळाला, पण शब्द मोजून मिळाले.

चेकच्या बाबतीत याच्या उलट होतं. चेक हातात आला की काही जण लगेच पावती देऊन जमा करून टाकतात. तो वटला नाही की पान पुन्हा उघडावं लागतं. पावतीवर 'चेक वटण्याच्या अधीन' लिहावं, आणि न वटलेल्याची उलट नोंद चेक परत आल्याच्या तारखेची वेगळी ओळ म्हणून दिसू द्यावी. जुनी ओळ खोडू नये.

दर महिन्याला थोडं कमी भरणारा

चौथा फ्लॅट १०४. हा मला सगळ्यांत रंजक वाटतो.

मालक मुंबईत, फ्लॅटमध्ये अंबडच्या कारखान्यात काम करणारे तिघे भाडेकरू. एप्रिलपासून भाडं सुरू झालं, म्हणून बिलात बिनभोगवटा शुल्क लागलं. मालक स्वतः राहत नसेल आणि फ्लॅट भाड्याने दिला असेल तर लागणारं हे शुल्क. ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. म्हणजे २,००० च्या नाही, १,५०० च्या दहा टक्के: १५० रुपये. काही सोसायट्या पूर्ण बिलावर दहा टक्के लावतात, ते चूक आहे.

मालकाला हे शुल्कच मान्य नाही. त्याने बँकेत कायमची सूचना दिली आहे: दर महिन्याच्या ५ तारखेला २,०००. बिल २,१५०. सहा महिन्यांत ९०० रुपये बाकी.

आता आमचा 'जुनं आधी' हा नियम लावा. मेमध्ये आलेल्या २,००० पैकी १५० एप्रिलच्या शिलकीत जातात, उरलेले मेच्या बिलात, मेचे ३०० उरतात. जूनमध्ये ४५०. असं करत सप्टेंबरअखेर सगळे ९०० सप्टेंबरच्या बिलात येऊन बसतात. म्हणजे कागदावर या माणसाचं जुनं देणं शून्य! सहा महिने ठरवून कमी भरणारा फ्लॅट वयाच्या रकान्यांत अगदी ताजा दिसतो. व्याजही रुपया-दोन रुपयांचं, तेवढं आम्ही सोडून दिलं.

हा त्या नियमाचा खरा दोष आहे. बाकी एका बिलाएवढी होईपर्यंत तो असा वाद लपवून ठेवतो. म्हणून मी गोषवाऱ्यात आणखी एक बारीक रकाना जोडला: 'वादातली रक्कम'. त्यात १०४ चे ९०० लिहिले आणि त्याला थकबाकीदार म्हटलं नाही. तो थकबाकीदार नाही, तो असहमत आहे. त्याच्याशी बोलणं वेगळं करावं लागतं, त्याच्यासमोर सभेचा ठराव आणि १५० चं गणित ठेवावं लागतं.

ताळेबंदात तर एवढी थकबाकी दिसत नाही

बैठकीत एका सभासदाने हा मुद्दा काढला, आणि तो योग्यच होता. सॉफ्टवेअरच्या दुसऱ्या अहवालात 'सभासदांकडून येणे' फक्त ५३ हजारांच्या आसपास होतं. एकट्या ४०३ चे ७३ हजार असताना हे कसं?

कारण तीन फ्लॅटनी एप्रिलमध्येच वर्षभराचे २४,००० भरून टाकले आहेत. सहा बिलं वळती झाल्यावर प्रत्येकाचे १२,००० सोसायटीकडे आगाऊ पडून आहेत, एकूण ३६,०००. सॉफ्टवेअरने सगळ्या पानांची बेरीज केली, त्यात या उलट्या बाक्या वजा झाल्या. शेजाऱ्याने वेळेआधी भरलेल्या पैशांनी ४०३ ची थकबाकी झाकली गेली. हे दोन आकडे एकमेकांत वजा करायचे नसतात. येणं ही मालमत्तेची बाजू, आगाऊ जमा ही देण्याची बाजू, दोन्ही ताळेबंदात आपापल्या जागी उभी राहिली पाहिजेत.

सगळं दुरुस्त झाल्यावर ३० सप्टेंबरचा गोषवारा असा उभा राहिला:

| फ्लॅट | चालू बिल | तीन महिन्यांच्या आत | तीन महिन्यांपलीकडे | व्याज | वादात | एकूण |
|---|---|---|---|---|---|---|
| ४०३ | २,००० | ६,००० | ५२,००० | १३,०५० | – | ७३,०५० |
| ३०२ | २,००० | ६,००० | १,०९० | २२८ | – | ९,३१८ |
| १०४ | – | – | – | – | ९०० | ९०० |

एकूण येणं ८३,२६८. आगाऊ जमा ३६,०००, वेगळी. सस्पेन्स शून्य. २०१ यादीतून बाहेर. उरलेले १७ फ्लॅट चोख.

मग पाणी बंद करायचं का?

नाही. उपविधी थकबाकीवर व्याज लावायला सांगतात, कारवाईची वाट दाखवतात, पण पाणी किंवा लिफ्ट तोडण्याचा अधिकार कमिटीला देत नाहीत. आणि ४०३ ला कुलूप आहे, तिथे पाणी कुणाचं तोडणार?

वाट आहे ती वसुली दाखल्याची. जुने लोक तिला अजून 'कलम १०१' म्हणतात. २०१९ नंतर गृहनिर्माण संस्थांसाठी ती कलम १५४ब-२९ मध्ये आली आहे. सभासदाला नोटीस द्यायची, तरी पैसे आले नाहीत तर कमिटीच्या ठरावाने उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. सोबत बिलांच्या प्रती, खतावणी उतारा, मेन्टेनन्सचा आणि व्याजाचा दर ठरवणारे सर्वसाधारण सभेचे ठराव, नोटिसा आणि त्या पोचल्याचे पुरावे. दोन्ही बाजू ऐकून दाखला निघाला, की ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करता येते. वसुली अधिकाऱ्याकडून जप्तीपर्यंत जाता येतं.

४०३ च्या बाबतीत मात्र त्याआधी एक अडचण सोडवायची आहे. बिलं अजून वारलेल्या सभासदाच्या नावाने निघतात. नामनिर्देशन कुणाचं आहे ते रजिस्टरमध्ये पाहून नोटीस नॉमिनीला आणि माहीत असलेल्या सगळ्या वारसांना पाठवायची, असं ठरलं. मृताच्या नावाची नोटीस टपालातून परत येते आणि वर्ष वाया जातं.

लिफ्ट बंद होती, म्हणून मी पैसे रोखले

हे वाक्य दरवर्षी कुणीतरी म्हणतं. राग खरा असतो. पण लिफ्टची तक्रार आणि मेन्टेनन्सचं देणं ही दोन वेगळी पानं आहेत. सभासदाने परस्पर कापून घेतलेले पैसे खतावणीत थकबाकी म्हणूनच राहतात आणि त्यावर व्याज चढतं. तक्रार लेखी द्यावी, सभेत मांडावी, उपनिबंधकांकडे न्यावी. पैसे भरताना 'हरकत राखून' असं लिहून द्यायलाही कुणी अडवत नाही.

यादी ग्रुपवर टाकायची का?

मी टाकणार नाही. वर पाहिलंत की चारांतली दोन नावं मुळात चुकीची होती, आणि फोटो एकदा फिरला की मागे घेता येत नाही. ज्याचं पान त्याला द्यावं: बाकी किती, कुठल्या महिन्याची, व्याज किती. कमिटीसमोर पूर्ण गोषवारा ठेवावा, आणि सर्वसाधारण सभेत कुणी विचारलं तर ताळेबंदासोबत वाचावा. काही कमिट्यांना नोटीस बोर्डाच्या दबावाने पैसे येतात असं वाटतं. येतातही, पण बहुतेक वेळा ज्यांचे तसेही आले असते त्यांचे.

३०२ चा सभासद रविवारी बैठकीला आला. ग्रुप सोडलेल्यांपैकी तो एक. चिडलेला होता, पण पान समोर ठेवल्यावर शांत झाला. त्याने नेमका प्रश्न विचारला: 'यादीतून बाहेर पडायला आज किती भरू?'

आदल्या मंगळवारी विचारलं असतं तर उत्तर १,३१८ होतं: व्याज २२८ आणि मेचे १,०९०. पण आता ५ ऑक्टोबर उजाडला होता, जूनच्या बिलाचेही तीन महिने उलटले होते. म्हणून ३,३१८. जुलैच्या बिलाची मुदत ३१ जुलैला संपलेली, त्याचे तीन महिने ३१ ऑक्टोबरला भरणार, तेव्हा पुढचे २,००० त्याच्या आत. ऑक्टोबरचं व्याज महिनाअखेर लागेल, तेही मी सांगितलं.

त्याने तिथेच फोन काढला आणि ३,३१८ पाठवले. माझ्या फोनवर मेसेज वाजला. शेऱ्यात लिहिलं होतं: 'ऑक्टोबर मेन्टेनन्स'.

मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. मग त्याने मला व्हॉट्सॲपवर दुसरी ओळ लिहून पाठवली: 'आजचे ३,३१८ आधी व्याज आणि मे-जूनच्या बिलात घ्यावेत.' तिची प्रिंट काढून मी पावतीच्या मागे टाचून ठेवली आहे.